गाडी जागी आहे

टेस्टरच्या प्रत्येक शर्टाला पोटाच्या जागी बारीक भोकं होती. बॅटरीच्या ॲसिडची. शर्ट नवा असो की जुना, महिन्याभरात त्याची चाळणी व्हायची. दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात त्याची बायको शिलाईचं मशीन घेऊन बसे. गिऱ्हाइकांचे कपडे शिवून आपण पोट भरतो आणि नवऱ्याचे रफू करून डोळे घालवतो, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. टेस्टर आतून म्हणे, डोळे गेले तरी तोंड शाबूत आहे.

त्याचं खरं नाव बायकोलाही रेशनकार्ड बघूनच आठवत असावं. तेरा वर्षांचा असताना बॅटरीच्या दुकानात लागला, तेव्हापासून कानामागे टेस्टर. गंजलेले टर्मिनल गरम पाण्यानं धुणं, बॅटरीत पाणी भरणं, नुसतं बोट लावून तार कुठे तुटली आहे ते ओळखणं, यात चाळीस वर्षं गेली. गाडी दुरुस्त करताना तो फारसा बोलत नसे, पण त्याचा एक हट्ट होता. दोष सापडल्याशिवाय गाडी सोडायची नाही, आणि सापडलेला दोष मालकापासून लपवायचा नाही. मालकानंच चूक केली असेल, तर तीही तोंडावर सांगायची. त्यामुळे त्याची गिऱ्हाइकं दोन प्रकारची होती. जन्मभर टिकलेली आणि एकदाच आलेली.

विजेच्या गाड्या आल्या तेव्हा लोक म्हणाले, टेस्टर, तुझा धंदा बसला. त्यालाही तसंच वाटलं. तरी एक्कावन्नाव्या वर्षी बारा दिवसांच्या वर्गात जाऊन तो पोरासोरांबरोबर बाकावर बसला. पहिले दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी एका विजेच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि कोपऱ्यात त्याला ती दिसली. काळी, चौकोनी, लाल आणि काळ्या टोपीची, बारा व्होल्टची जुनीच बॅटरी. परक्या शहरात आपल्या गावचा माणूस भेटावा तसं त्याला झालं. त्यानं बाईंना विचारलं, खाली एवढी चारशे व्होल्टची बॅटरी असताना हिचं काय काम?

बाईंनी सांगितलं ते तो पुढे गिऱ्हाइकांना आपल्या भाषेत सांगू लागला. गाडी बंद केली की मोठी बॅटरी सगळ्यांपासून तोडलेली असते. दोन जाडजूड रिले, म्हणजे विजेवर चालणारे खटके, उघडतात आणि तिची वीज तिच्या पेटीतच राहते, कारण उभ्या गाडीत चारशे व्होल्ट फिरत ठेवणं धोक्याचं. ते रिले पुन्हा जोडायचे तर बारा व्होल्ट लागतात. दाराचं कुलूप, गाडीचा मेंदू, दिवे, सगळं त्या छोटीवर. एकदा रिले जोडले गेले की मोठी आपली वीज उतरवून छोटीला भरते. पण छोटीच मेली, तर मोठीला उठवायला कोणी उरत नाही. "कोठार धान्यानं भरलेलं," तो म्हणे, "आणि किल्ली ज्याच्या कनवटीला, तोच बेशुद्ध."

ती पांढरी गाडी त्याच्याकडे आली नाही, तोच तिच्याकडे गेला. एका मंगळवारी सकाळी साडेसहाला फोन आला. सहा मजली इमारत, खाली तळघरात पार्किंग. गाडीपाशी पस्तीस-छत्तीस वर्षांची बाई उभी होती आणि चाकाच्या खुर्चीत तिचे सासरे. त्यांची किडनी गेलेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सातला डायलिसिस. गाडी सुनेच्या नवऱ्याची. तो सात महिन्यांपूर्वी गेला होता, ऑफिसच्या जिन्यात, छातीत कळ येऊन. हे तिनं सांगितलं नाही, नंतर वॉचमननं सांगितलं. ती एवढंच म्हणाली की गाडी उघडत नाही, आणि काल रात्री ॲपवर तर बॅटरी शंभर टक्के होती.

टेस्टरनं किल्लीतलं लोखंडी पातं काढून दार उघडलं, आतली दांडी ओढून बॉनेट वर केलं, छोटीला मीटर लावला. सहा व्होल्ट. त्यानं बाहेरून बारा व्होल्ट दिले, गाडी उठली, सासरे दवाखान्यात पोचले. बॅटरी तीन वर्षांची होती. दुपारी त्यानं नवी घातली आणि विषय संपला असं त्याला वाटलं.

पुढच्या मंगळवारी सकाळी पुन्हा फोन आला. नवी बॅटरीही गेली होती.

या वेळी त्यानं ठाण मांडलं. तारेभोवती चिमटा-मीटर लावून बघितलं तर गाडी बंद असतानाही पाच-सहा अँपिअर वाहत होते. झोपलेल्या गाडीत त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढेही वाहू नयेत. तो एकेक फ्यूज काढत गेला. आकडा हलेना. शेवटी काचेजवळ मालकानं बाहेरून बसवून घेतलेला कॅमेरा दिसला. त्याची तार त्यानं तोडली, कंटाळून चहा प्यायला वर रस्त्यावर गेला, अर्ध्या तासानं येऊन बघतो तर आकडा शून्याला टेकलेला. त्यानं सुनेला सांगितलं, कॅमेरा खात होता.

त्याच्या जन्मात एवढी बाळबोध चूक त्यानं केली नव्हती. किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात होती. किल्ली जवळ असेपर्यंत ती गाडी मालक आला असं समजून जागी राहत होती. तो चहाला गेला, किल्ली त्याच्याबरोबर गेली, आणि गाडी झोपली. कॅमेऱ्याचा काही संबंध नव्हता.

हे त्याला कळलं तिसऱ्या मंगळवारी. त्या दिवशी त्याला पोचायला उशीर झाला. सुनेला टॅक्सी मिळायला पाऊण तास लागला, आणि दवाखान्यात सासऱ्यांच्या मशीनवर दुसरा माणूस बसलेला. त्यांची पाळी दुसऱ्या दिवसावर गेली. रात्रभर पाय सुजून आणि धाप लागून ते उशीला टेकून बसून राहिले. बुधवारी टेस्टर गाडीपाशी गेला तेव्हा सून खाली आली आणि शांतपणे बोलली. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"दादा, मला गाडीचं काही कळत नाही. बाबांचं कळतं. येत्या मंगळवारी ही बंद पडली तर मी विकून टाकणार. सासूबाई नको म्हणताहेत. त्यांच्यासाठी ही गाडी नाही, तो आहे. पण मला दोघांपैकी एकालाच सांभाळता येईल."

वॉचमन खांबाला टेकून ऐकत होता. ती वर गेल्यावर तो जवळ सरकला. "टेस्टरशेठ, एक सांगू? साहेब गेले ना, तो मंगळवार होता."

"मग?"

"मग काही नाही. दुपारी खाली कोणी नसतं, तेव्हा गाडी आवाज करते. टक् करून. मी दोनदा ऐकलाय. एकदा तर दिवे लागले."

रात्री जेवताना टेस्टरनं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग भूत असेल, सोड ना, दुसरी कामं नाहीत का. तो म्हणाला, भुताला अँपिअर लागत नाहीत. ती म्हणाली, लागत नसतील असं तू कोणत्या वर्गात शिकलास?

सोमवारी सकाळी नऊला तो पार्किंगमध्ये उतरला. सून ऑफिसला निघाली होती. तिथं पार्किंग मिळत नाही म्हणून ती बसनं जायची, गाडी फक्त दवाखान्यासाठी. त्यानं तिला किल्ली वरच्या मजल्यावर नेऊन ठेवायला लावली. बॉनेट उघडं ठेवून त्याच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरनं फिरवली, म्हणजे गाडीला ते बंद आहे असंच वाटावं. दारं लावली, मीटर लावला, प्लॅस्टिकचं स्टूल घेतलं आणि बसला.

तळघरातले दिवे माणूस हलला की लागायचे आणि दीड मिनिटानं विझायचे. पहिल्यांदा विझले तेव्हा त्यानं हात हलवला. मग कंटाळून हलवणं सोडून दिलं. रॅम्पकडून राखाडी उजेड यायचा, त्यात खांब दिसायचे आणि गाडीचा पांढरा आकार. मीटरचा आकडा मात्र स्पष्ट होता. वीस मिनिटांनी तो घसरत घसरत शून्यापाशी आला. गाडी झोपली. तो एवढा स्थिर बसला होता की एक मांजर त्याच्या पायावरून चालत गेलं.

दहा वाजून वीस मिनिटांनी गाडीत टक् झालं.

मीटरवर सहा पॉइंट दोन. मग आत कुठंतरी पाण्याचा छोटा पंप गुणगुणला आणि थांबला. आसपास कोणी नव्हतं. तो उठला, दिवे लागले, गाडीभोवती फिरला. दारं बंद होती, सीट रिकाम्या. मागच्या सीटवर सासऱ्यांची घडी केलेली शाल. आकडा दहा मिनिटं तसाच राहिला, मग हळूहळू उतरला. त्यानं वहीत लिहिलं, १०.२०.

पुन्हा १०.३४. पुन्हा १०.५२. सव्वाअकराला उठली, ती झोपायच्या आतच आकडा पुन्हा चढला. टेस्टरनं मनात हिशेब केला. दहा मिनिटं सहा अँपिअर, म्हणजे एका उठण्याला एक अँपिअर-तास. बॅटरी पंचेचाळीसची. दिवसाला वीस वेळा उठली तर दोन-तीन दिवसांत खलास. शनिवारी दवाखान्यातून आल्यावर ती थेट मंगळवारी निघते. आठवड्यातला सगळ्यात लांब मुक्काम तोच. मधल्या वारांना तिला वाटेत थोडं भरायला मिळतं, पण शनिवार ते मंगळवार मिळत नाही. मंगळवारचं कोडं असं सुटल्यावर त्याला हायसं वाटलं. पण तिला उठवतं कोण?

साडेअकराला आरसे आपोआप बाहेर उघडले. पुढचे-मागचे दिवे दोनदा लागले आणि विझले. अंधारात त्या उजेडानं खांबांच्या सावल्या त्याच्या अंगावरून सरकून गेल्या. टेस्टरच्या हातातली पेन्सिल पडली. ती शोधायला तो वाकला नाही. जिन्यानं चौथ्या मजल्यावर गेला, लिफ्टसाठीही थांबला नाही.

दार सासूबाईंनी उघडलं. सत्तरीच्या, बारीक, केस घट्ट बांधलेले. आतल्या खोलीत सासरे झोपले होते, त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. सोफ्याच्या हातावर एक मोबाइल होता, पुरुषाच्या हातात असतो तसा मोठा, कोपऱ्यात तडा गेलेला. पडद्यावर पांढऱ्या गाडीचं चित्र होतं आणि खाली अक्षरं: गाडी जागी आहे.

मग त्यानं विचारलं, हा फोन कुणाचा.

मुलाचा होता. तो असताना त्यानंच आईला दाखवलं होतं, मी ऑफिसातून निघालो की हा ठिपका हलायला लागतो, ठिपका पुलावर आला की तू कुकर लाव. तो गेल्यावर फोन कुलूपबंद होता. आकडा कुणालाच माहीत नव्हता. दीड महिन्यापूर्वी त्यांनी सहज आपलं जन्मसाल टाकून बघितलं आणि फोन उघडला. तेव्हापासून त्या बघत होत्या. चित्र खाली ओढायचं की गोल फिरतं, "संपर्क होत आहे" असं येतं आणि मग उत्तर येतं. दारं बंद आहेत. आत सत्तावीस अंश. बॅटरी शंभर टक्के. कधी दिवे लावायचं बटण दाबायच्या, आपण आलोय हे त्याला कळावं म्हणून.

टेस्टरनं आपल्या हट्टाप्रमाणे सगळं सांगितलं. तुम्ही ओढता तेव्हा गाडीतलं यंत्र उठतं, गाडीच्या मेंदूला उठवतं, सगळे दहा मिनिटं जागतात. पडद्यावर दिसतात ते शंभर टक्के मोठीचे. जागण्याचा भार छोटीवर पडतो, आणि छोटीचा पत्ता या पडद्यावर कुठंच नाही. या गाडीत मोठी तेव्हा मदतीला येत नाही. गाडी चालू केली किंवा चार्जिंगला लावली तरच येते.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या मास्तरीण होत्या, त्यांना लगेच कळलं. आपण बघत राहिलो म्हणून आपल्याच नवऱ्याची पाळी चुकली, हेही. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "सुनेला सांगू नका. ती आधीच..." आणि नंतर, आवाज खाली आणून, "पण भाऊ, एक नाही जुळत. कधी कधी मी बघते तेव्हा तो आधीच जागा असतो."

"गाडी," टेस्टर म्हणाला.

"हो, गाडी. मी ओढायच्या आधीच लिहिलेलं असतं. मी कुठं उठवलेलं असतं तेव्हा?"

तो म्हणाला, आधीचं असेल, तुमच्या लक्षात नसेल. त्यांनी वाद घातला नाही. फोन उचलून त्याच्या हातात दिला. "मी एक ते तीन झोपते. तुमच्याजवळ ठेवा."

तो खाली आला. फोन शर्टाच्या खिशात, पडदा काळा. दिवे विझले. गाडी पावणेबाराला झोपली ती झोपलीच. साडेबारा. एक. आकडा शून्यापाशी. सापडला दोष, त्यानं मनात म्हटलं, आणि डबा उघडला. पोळीचा पहिला घास हातात असताना गाडीत टक् झालं.

एक वाजून बारा मिनिटं. सहा पॉइंट एक.

त्यानं खिशावर हात ठेवला. फोन गार होता. पंप गुणगुणला आणि थांबला. वर बाई झोपलेली, किल्ली वर, फोन त्याच्या छातीशी, आणि समोर रिकामी गाडी जागी. त्यानं फोन काढला. आकडा टाकावा लागला नाही, सासूबाईंनी फोनचं कुलूपच काढून टाकलं होतं. त्यानं ॲपवर बोट ठेवलं. त्यानं काहीही ओढलं नाही. नुसतं बघितलं.

गाडी जागी आहे.

चाळीस वर्षांत त्यानं कुठलीही गाडी अर्धवट सोडली नव्हती. त्या दिवशी तो स्टुलावरून उठला, रॅम्पपर्यंत गेला आणि उन्हात उभा राहिला. शर्टाची भोकं वाऱ्यानं गार लागत होती. बायको काय म्हणेल, ते आठवून थोडं हसू आलं, मग ते विरलं. दहा मिनिटांनी तो परत गेला. एक चाळीसला ती पुन्हा उठली, मग दोन पाचला. तासाभरात तीनदा.

अशा वेळी त्याला फक्त आकडे लिहिता येत. ते त्यानं लिहिले आणि मग वाचले. त्याला माहीत होतं, या गाड्या अधूनमधून स्वतःही उठतात, पण ते उठणं छोटं असतं, मिनिटाभराचं. ही दहा मिनिटांची होती. कुणीतरी विचारल्यावर उठते तशी. १.१२, १.४०, २.०५. ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीची वेळ. त्यानं त्या तीन आकड्यांकडे टक लावून बघितलं, आणि मग डबा बंद केला.

सहाला सून बसमधून उतरली. ती लिफ्टकडे न जाता आधी गाडीपाशी आली. टेस्टर खांबाआड बसला आहे हे तिला दिसलं नाही. तिनं बॉनेटच्या कडेवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा. मग त्याचं स्टूल वाजलं आणि तिनं हात झटकन काढला.

त्यानं विचारलं, "ताई, तुमच्या फोनवरही आहे का हे?"

तिनं पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. पहिल्यापासून बघते, म्हणाली. तो होता तेव्हा बघायची, कुठवर आलाय ते. नंतर सवय सुटली नाही. जेवणाच्या सुट्टीत बघते, रविवारी बाथरूममध्ये बघते. गाडी झोपलेली असायची, तिनं विचारलं की उठायची. पाच-सहा महिने असंच चाललं. एका बाईच्या बघण्यानं बॅटरी मरत नव्हती. "पण दीड महिन्यापासून," ती म्हणाली, "मी बघते तेव्हा ती आधीच जागी असते. मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, मला काहीतरी होतंय." मग एकदम कोरड्या आवाजात, "मला आवडायला पण लागलं होतं, दादा."

आपल्याला दोघींची गुपितं सांभाळायची आहेत, एक सकाळचं आणि एक आताचं, हे टेस्टरला कळत होतं. एकाच जागेवर दोन तारा चिकटल्या की काय होतं तेही कळत होतं. त्यानं वही तिच्या हातात दिली. डावीकडे सकाळचे आकडे, उजवीकडे दुपारचे. सकाळी तुमच्या सासूबाई, दुपारी तुम्ही, तो म्हणाला. तुम्ही उठवता ती त्यांना जागी दिसते, त्या उठवतात ती तुम्हाला.

ती वाचत असताना दिवे विझले. दोघंही हलले नाहीत.

वर गेल्यावर सासूबाईंनी चहा टाकला. टेस्टर जेवणाच्या टेबलाशी बसला, सासरे चाकाच्या खुर्चीत, सून भिंतीला टेकून उभी. छोटी बॅटरी त्यानं खाली चार्जरला लावली होती, सकाळपर्यंत भरणार होती. सासूबाईंनी कप ठेवला आणि सुनेकडे न बघता विचारलं, "मी झोपले होते तेव्हा? फोन तर तुमच्याकडे होता."

"झाली होती जागी," टेस्टर म्हणाला. "एक बारा."

त्यांनी मान हलवली. एवढंच त्यांना हवं होतं. टेस्टरनं कपात बघितलं. पुढचं वाक्य त्याच्या जिभेवर होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते बोलवेना.

"आई, ती मी होते," सून म्हणाली.

सासरे दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. सून सगळं बोलली. ऑफिस, बाथरूम, आणि आधीच जागी दिसायची तेही. सासूबाई एकेक शब्द तपासत असल्यासारख्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सात महिने एका घरात राहतोय आपण." रागानं नाही. त्यांनी सुनेला खुर्ची ओढून दिली, आणि ती बसली.

टेस्टरनं मग उपाय सांगितला. बघणं बंद करा असं म्हणायची त्याची तयारी होती, पण त्यानं वेगळं सांगितलं. गाडी चालू असते तेव्हा मोठी छोटीला भरतच असते, तेव्हा कितीही वेळा बघा, काही बिघडत नाही. उभी असताना बघू नका. शनिवार ते मंगळवारच्या मध्ये रविवारी एकदा अर्धा-पाऊण तास चक्कर मारा.

"म्हणजे ही बाबांना घेऊन निघाली की मी बघायचं," सासूबाई म्हणाल्या.

"बघा की. पुलावर ठिपका आला की..." टेस्टर अडखळला, आणि सासरे पहिल्यांदाच बोलले. "मला कुकर नको. डॉक्टर भात मोजून देतो."

सून हसली, आणि हसता हसता तिनं तोंड फिरवलं.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या टेस्टरकडे वळल्या. "ठीक आहे. दुपारची ही होती. सकाळची मी होते. मग परवा पहाटे साडेपाचला?"

"पहाटे?"

"मी उठून बघितलं, मी ओढायच्या आधी जागी होती. ही तेव्हा यांना स्पंज करत होती, दोन्ही हात साबणाचे. विचारा तिला."

सुनेनं मान हलवली. नाही, ती नव्हती.

तिघंही टेस्टरकडे बघू लागले. त्यानं खरं ते सांगितलं, त्याला दुसरं येतही नव्हतं. कधी कधी गाडी स्वतःच उठते, म्हणाला. कुणी बोलावलं नाही तरी. मिनिटभर जागी राहते आणि झोपते.

"कशाला?"

"तपासायला. सगळं ठीक आहे ना, ते बघायला."

सासूबाईंनी त्याचा रिकामा कप उचलला.

"तेच तर मी म्हणतेय," त्या म्हणाल्या, आणि विसळायला आत गेल्या.

मंगळवारी सकाळी साडेसहाला टेस्टर न बोलावता तळघरात आला. चार्जर काढला, टर्मिनल आवळले, मीटर लावून बघितला, बारा पॉइंट आठ. सुनेनं सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसवलं, शाल पांघरली, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं. रिले जोडले गेल्याचा ठसठशीत आवाज आला, टक्-टक्, आणि पडदा उजळला. गाडी आवाज न करता रॅम्प चढून गेली. टेस्टर हत्यारं गोळा करता करता थांबला. वर चौथ्या मजल्यावर एक म्हातारी बाई चष्मा लावून हातातल्या ठिपक्यामागे निघाली असणार, हे त्याला माहीत होतं. दीड मिनिटानं दिवे विझले. वॉचमननं पहाटे जमीन धुतली होती, रॅम्पच्या उजेडात रिकामी जागा अजून कोरडी दिसत होती. गाडीच्या आकाराएवढी.